α काढायचाय: बर्फाने की वाहकतेने?

प्रोजेक्टसाठी क्षीण आम्लाचं विचरणाचं प्रमाण, म्हणजे α, काढायचं ठरलं की दोन रस्ते समोर येतात: गोठणबिंदू किती उतरला ते मोजा, नाहीतर द्रावणाची वाहकता मोजा. निवड खरं तर आम्लावर ठरते.

अ‍ॅसेटिक आम्ल असेल तर बर्फाच्या नादी लागू नका. 0.1 मोलल द्रावणात त्याचा α जेमतेम 0.013 असतो. विचरण झालंच नसतं तर गोठणबिंदू 0.186 अंशाने उतरला असता, प्रत्यक्षात 0.188 ने उतरतो. हा 0.002 अंशाचा फरक म्हणजे बेकमन थर्मामीटरवर दोन रेघांमध्ये नजरेने अंदाज घ्यायचा तेवढाच. वाहकतेत α = Λ/Λ₀, म्हणजे या द्रावणाची मोलर वाहकता भागिले अनंत विरलतेची मोलर वाहकता, 5.2 भागिले 390.7. मोजमापात एक टक्का चुकलं तर उत्तरही एकच टक्का चुकतं.

मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाची गोष्ट वेगळी. ०.१ मोललसाठी 100 ग्रॅम पाण्यात 0.945 ग्रॅम. समजा गोठणबिंदू उतरण्याचा आकडा, ΔTf, 0.206 अंश मिळाला. विचरणाशिवाय जेवढा उतरला असता त्याच्या किती पट, तो व्हँट हॉफ गुणांक i:

i = 0.206 / (1.86 × 0.1) = 1.108

एका रेणूचे दोन आयन होतात, म्हणून α = i − 1 = 0.108. त्यावरून आम्लाचा विचरण स्थिरांक Ka = 0.1 × 0.108² / 0.892, म्हणजे सुमारे 1.3 × 10⁻³. हे पटण्यासारखं आहे, कारण 25 अंशांची छापील किंमत 1.4 × 10⁻³ च्या आसपास आहे. आपलं मोजमाप मात्र शून्याजवळचं, हे लक्षात असू द्या.

गोम त्या ‘वजा एक’मध्ये आहे. i एक टक्का चुकला की α दहा टक्के चुकतो, आणि तो एक टक्का सहज चुकतो. द्रावण गोठणबिंदूच्या एक अंश खाली जाऊन मग गोठलं, तर सव्वा टक्का पाण्याचा एकदम बर्फ होतो आणि उरलेलं द्रावण तेवढं दाट होतं. पारा उसळून जिथे टेकतो तो आकडा मग 0.0026 अंशाने खाली असतो, आणि α 0.108 ऐवजी 0.122 येतो. शीतन वक्राचा बर्फ पडल्यानंतरचा उतार मागे वाढवून पहिल्या रेषेला भिडवला तर ही चूक बरीच निघते. त्याहून बरं म्हणजे बाहेरचं बर्फ-मिठाचं मिश्रण उणे तीनच्या आसपास ठेवायचं आणि वेळेवर बर्फाचा बारीक कण टाकायचा. मीठ सढळ हाताने घातलंत तर अतिशीतन आवरत नाही.

दुसरी चूक तराजूवर होते. हे आम्ल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे वजनावर विसंबू नका. NaOH ने अनुमापन करून संहती पक्की करा. हातमोजे घालाच, कातडी भाजते.

इतका खटाटोप का करायचा? कारण गोठणबिंदू सरळ कण मोजतो, त्याला Λ₀ लागत नाही. वाहकतेत क्षीण आम्लाचा Λ₀ थेट मिळत नाही. HCl, सोडियम क्षार आणि NaCl यांच्यावरून कोलराउशच्या नियमाने जुळवावा लागतो. अर्‍हेनियसने 1887 मध्ये याच दोन रस्त्यांनी आलेले i शेजारी मांडून आपला विचरणाचा सिद्धांत पटवला होता.

क्लोरोअ‍ॅसेटिक असेल आणि दोन दिवस हातात असतील, तर मी दोन्ही करेन. एकच दुपार असेल तर वाहकता.