हिप्पोकॅम्पसचा व्रण की कॅल्शियमचा ठिपका: रिपोर्टमध्ये दोन्ही आले तर फिटचं मूळ कुठलं?

एक नमुना घेऊ. कळव्यात राहणारा २८ वर्षांचा मुलगा, महिन्याला तीन-चार फिट. मेंदूच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी आहेत: डावा हिप्पोकॅम्पस आकसलेला, आणि उजव्या पॅरायटल भागात ४ मिलिमीटरचा कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा, म्हणजेच कॅल्शियमचा ठिपका. घरच्यांना ‘ग्रॅन्युलोमा’ या शब्दाचीच धास्ती बसते, कारण तो गाठीसारखा वाटतो. खरं तर इथे जास्त विचार करायला लावणारी ओळ पहिली आहे.

हिप्पोकॅम्पस हा कानाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल भागात खोलवर असलेला मेंदूचा आठवणींचा भाग. त्यातल्या पेशी मरून व्रण झाला की रिपोर्टमध्ये तीन खुणा एकत्र दिसायला हव्यात: आकार लहान, फ्लेअर आणि टी-२ चित्रांत तो भाग जास्त पांढरा, आणि आतली थरांची रचना पुसट. नुसता पांढरेपणा असेल, त्यात तो भाग सुजलेला असेल आणि आदल्या दिवशीच लांबलेली फिट येऊन गेली असेल, तर तो त्या फिटचाच तात्पुरता परिणाम असू शकतो. अशा वेळी काही आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करून बघतात. हिप्पोकॅम्पस नुसता गोलसर किंवा तिरका आहे, पण आकार आणि रंग नेहमीसारखा, तर ती बहुधा जन्मजात ठेवण असते, व्रण नव्हे.

ठिपक्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे तो बहुतेकदा पट्टकृमीच्या मेलेल्या अळीचा उरलेला खडा असतो. अंडी अस्वच्छ हात, पाणी किंवा कच्च्या भाजीतून पोटात जातात, म्हणून शाकाहारी घरातही हे होतं. साध्या एमआरआयमध्ये तो निसटू शकतो. सीटी स्कॅनमध्ये किंवा एमआरआयच्याच एसडब्ल्यूआय चित्रांत स्पष्ट दिसतो. अळी मेलेलीच असल्याने जंताचं औषध देऊन काही साधत नाही, फिटच्या गोळ्या मात्र लागू शकतात. खड्याभोवती नवी सूज दिसली तर त्याच्यावरचा संशय वाढतो.

मग खापर कुणावर फोडायचं? ते स्कॅन सांगत नाही, फिट सांगते. उजव्या पॅरायटल ठिपक्याची फिट साधारणपणे डाव्या हाताला मुंग्या किंवा झटके येऊन सुरू होईल. डाव्या हिप्पोकॅम्पसची फिट वेगळी दिसते: पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, नजर स्थिर होते, ओठ चाटणं सुरू होतं, डावा हात शर्टाचं बटण चाळवत राहतो आणि उजवा हात वाकडा होऊन ताठतो. शुद्धीवर आल्यावरही काही मिनिटं शब्द सापडत नाहीत. आपल्या नमुन्यातल्या मुलाला नेमकं हेच होतं, आणि दीड वर्षाचा असताना तापात अर्ध्या तासाहून लांब फिट आली होती. इथे संशय व्रणाकडेच जातो.

म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा: सुरुवातीचे क्षण, दोन्ही हात फ्रेममध्ये, आणि मध्ये नाव विचारा. डॉक्टरला हा तुकडा जाड फाइलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दोन मुळांमुळे पुढची वाटही बदलते. ठिपकाच कारणीभूत असेल तर बहुतेकांना गोळ्यांवर आराम पडतो. व्रणाच्या फिट मात्र गोळ्यांना बऱ्याचदा दाद देत नाहीत. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, एकही गोळी न चुकवता घेऊनही फिट येत असतील, तर तिसऱ्या-चौथ्या औषधावर वर्षं घालवू नका; शस्त्रक्रियेची तपासणी मागा, असं आमचं स्पष्ट मत आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत टेम्पोरल फिटचे ८० रुग्ण होते. वर्षाअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिटमधून शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के मोकळे झाले, नुसत्या औषधांच्या गटातले ८ टक्के.

तपासणी म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे. साध्या एमआरआयच्या जाड कापांत हिप्पोकॅम्पस नीट दिसत नाही, म्हणून एपिलेप्सी प्रोटोकॉलने, शक्यतो ३ टेस्ला मशिनवर, हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात बारीक काप घ्यायला सांगा. ठाणे-वाशीत सेंटर ठरवताना हे आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर पैसे दोनदा जातात. मग दाखल करून काही दिवस व्हिडिओ-ईईजी करतात, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी आणि रुग्णाचा व्हिडिओ एकाच वेळी टिपतात. डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्या कमी करून फिट येऊ देतात. सगळ्या फिट डाव्या टेम्पोरल भागातूनच निघाल्या, तर उजवीकडचा ठिपका असूनही शस्त्रक्रिया होऊ शकते. काही फिट ठिपक्याकडून निघाल्या, तर एकट्या व्रणाला काढून भागणार नाही.

धोकाही नीट समजून घ्या. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर नावं आणि शब्द आठवणं अवघड होऊ शकतं, आणि ज्याची आठवण आधी चांगली आहे त्याचं नुकसान जास्त. म्हणून आधी स्मरणशक्तीची चाचणी होते. तिचा निकाल घरच्यांनी समोर बसून समजून घ्यावा. शिवाय दोन्ही डोळ्यांना एका बाजूला, वरच्या कोपऱ्यातलं थोडं दिसेनासं होऊ शकतं. गोळ्याही लगेच बंद होत नाहीत, निदान वर्ष-दोन वर्षं चालू राहतात.

हे सगळं ठरेपर्यंत लोकलच्या दाराशी उभं राहू देऊ नका, आणि ठाणे स्टेशनवर गाडीची वाट बघताना प्लॅटफॉर्मच्या कडेपासून लांब, बाकावर बसवा.