हप्ता तोच, मुदत मात्र सहा महिन्यांनी जास्त

नाशिकच्या सिडकोत राहते, अंबडच्या कंपन्यांमध्ये डबे पोहोचवते. 2021 च्या दसऱ्याला मुंबई नाक्याजवळच्या एका शोरूममधून स्कूटर घेतली. ऑनरोड किंमत 90,000. वीस हजार रोख भरले, 70,000 चं कर्ज. शोरूममध्येच फायनान्सचा मुलगा बसला होता. तो म्हणाला, "ताई, तीन वर्षं, महिन्याला फक्त 2,645. दिवसाला नव्वद रुपयेसुद्धा पडत नाहीत." एवढं तर रोजच्या डब्यांतून निघतं, असं मनात आलं आणि त्याने दाखवली तिथे तिथे मी सह्या केल्या.

पहिला हप्ता 5 नोव्हेंबर 2021 ला गेला. त्यानंतर एकही चुकवला नाही. 2024 च्या नोव्हेंबरात पैसे कापले गेल्याचा मेसेज आला तेव्हा यजमान म्हणाले, नोव्हेंबरला सुरू झालं, म्हणजे नोव्हेंबरलाच संपणार. मलाही ते पटलं. डिसेंबरच्या 5 तारखेला पुन्हा 2,645 गेले.

त्या रात्री पासबुक घेऊन बसले आणि एकेका हप्त्यावर पेन्सिलने आकडा टाकत गेले. छत्तिसावा आकडा 5 ऑक्टोबर 2024 वर पडला. नोव्हेंबरचा सदतिसावा निघाला. पहिला हप्ता ज्या महिन्यात जातो, तो महिनाही मोजायचा असतो, त्यामुळे मुदत पूर्ण वर्षांची असेल तर शेवटचा हप्ता त्याच्या आदल्या महिन्यात येतो. हे ठाऊक असतं तर महिनाभर आधीच ऑफिसात जाऊन उभी राहिले असते.

शरणपूर रोडला फायनान्स कंपनीचं ऑफिस आहे. तिथल्या बाईंनी करारपत्र काढून दाखवलं. मुदत 42 महिने, मंजूर कर्ज 78,225, खाली माझी सही. शोरूममध्ये सही केली तेव्हा हे रकाने कोरे होते. बँकेतून हप्ता कापण्याच्या फॉर्मवरही 'पासून'ची तारीख भरलेली होती आणि 'पर्यंत'ची जागा रिकामी. 70,000 चे 78,225 कसे झाले, असं विचारलं. 5,225 विम्याचे आणि 3,000 प्रोसेसिंग फीचे. दोन्ही माझ्याच कर्जात मिळवलेले, त्यावर व्याजही लावलेलं.

घरी येऊन हिशोब मांडला. व्याज वर्षाला 12 टक्के, फ्लॅट, म्हणजे मूळ रकमेवर शेवटपर्यंत तेवढंच. 70,000 वर तीन वर्षांचं व्याज 25,200, मिळून 95,200. त्याला 36 ने भागलं की 2,644 रुपये 44 पैसे, वर धरून 2,645. मग 78,225 वर साडेतीन वर्षांचं व्याज काढलं, मुद्दल मिळवलं आणि 42 ने भागलं. तरी 2,645 च! त्यांनी रक्कम वाढवली आणि तेवढ्यासाठी मुदतही वाढवली, म्हणून महिन्याचा आकडा जागचा हलला नाही. मी त्याच एका आकड्याकडे बघत होते.

खरं तर मला फक्त दोन गुणाकार करायचे होते. तीन वर्षं गुणिले बारा म्हणजे 36 हप्ते, आणि 36 गुणिले 2,645 म्हणजे 95,220. हा आकडा कागदावर लिहून त्या मुलासमोर ठेवायचा आणि करारात हाच आहे का ते दाखव म्हणायचं. करारात 42 गुणिले 2,645, म्हणजे 1,11,090 होते. फरक 15,870 रुपयांचा, बरोबर सहा हप्त्यांचा.

हप्ते शेवटपर्यंत सारखे असतील तर हा गुणाकार चुकत नाही. मात्र आधी रोख भरलेले पैसे त्यात धरलेले नसतात. माझे वीस हजार मिळवले तर 90,000 ची स्कूटर मला 1,31,090 ला पडली. घराच्या बदलत्या व्याजाच्या कर्जात तर दर वाढला की बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात. तिथे पहिल्या दिवशी केलेल्या गुणाकारावर विसंबून चालत नाही, उरलेले हप्ते किती ते अधूनमधून विचारावं लागतं.

1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या मुख्य माहितीचं पत्रक देणं बंधनकारक केलं आहे, तेही आपल्याला कळणाऱ्या भाषेत. हप्ते किती, प्रत्येकी कितीचे, वर कोणते खर्च, हे त्यात असावं लागतं. सहीच्या आधी ते मागून घ्या आणि आपला गुणाकार त्याच्याशी ताडून पाहा. एकही रकाना कोरा असेल तर पेन खाली ठेवा, मागे कितीही लोक खोळंबले तरी.

मी लेखी तक्रार केली. उत्तर आलं की करारावर सही आपली आहे. हप्ता परत गेला तर दंड लागतो आणि पुढच्या कर्जाला अडचण येते, म्हणून सगळे 42 भरले. शेवटचा 5 एप्रिल 2025 ला गेला. मग त्यांच्याकडून ना-हरकत दाखला घेतला आणि पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवला.