वापरलेली गाडी घेताना: पेट्रोलचा स्पार्क प्लग आणि डिझेलचा ग्लो प्लग

ठाण्यात किंवा नवी मुंबईत वापरलेली गाडी घेण्याचा विचार सुरू झाला की, डिझेल गाडी थंडीत लवकर सुरू होत नाही, ही शंका हमखास निघते. ती कितपत खरी आहे हे ठरवण्यासाठी दोन्ही इंजिनांत इंधन कसे पेटते, एवढेच येथे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहे.

बहुतेक पेट्रोल इंजिनांत हवा आणि पेट्रोल आधी एकत्र होतात आणि मग दाबले जातात. हे मिश्रण नको त्या वेळी आपोआप पेटू नये म्हणून ते साधारण दहा-अकरा पटच दाबले जाते आणि नेमक्या क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. ठिणगी दर वेळी लागते. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला मिनिटाला 1000 ठिणग्या द्याव्या लागतात. म्हणूनच प्लग निकामी झाला की ते सिलिंडर लगेच मिसिंग करू लागते, मग ऋतू कोणताही असो.

डिझेल इंजिनात मात्र सिलिंडरमध्ये केवळ हवा घेतली जाते आणि ती सोळा-सतरा पट दाबली जाते. दाबामुळे ती इतकी तापते की पिस्टन वर पोहोचण्याच्या सुमारास इंजेक्टरने मारलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. ज्वलनाची वेळ फवाऱ्यानेच ठरत असल्यामुळे ठिणगीला तेथे कामच उरत नाही.

अडचण येते ती पहिल्या काही फेऱ्यांत. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे 18 अंशांची हवा सतरा पट दाबली आणि उष्णता अजिबात वाया गेली नाही असे धरले, तर तिचे तापमान 630 अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात सेल्फ इंजिनाला मिनिटाला जेमतेम दोनशे फेरे देतो. त्या संथ गतीत बरीचशी उष्णता थंड धातूत जाते आणि थोडी हवा पिस्टनच्या रिंगांजवळून निसटते. हे नुकसान भरपूर धरून हिशेब केला, तर आकडा सुमारे 240 अंशांवर येतो, आणि डिझेल स्वतःहून पेटण्यासाठी साधारण 210 ते 250 अंश लागतात. महाबळेश्वरला पहाटे 5 अंश असतील, तर हाच आकडा 215 च्या जवळ घसरतो. हे ढोबळ अंदाज आहेत, पण गार इंजिन किती काठावर असते हे त्यांतून कळते.

ही तूट ग्लो प्लग भरून काढतो. गॅरेजमध्ये त्याला हीटर प्लगही म्हणतात. तो ठिणगी देत नाही. धातूच्या बंद नळीतील तार बॅटरीच्या विजेने तापते आणि नळीचे टोक काही सेकंदांत 850 अंशांच्या वर जाते. फवाऱ्याचा काही भाग त्या टोकाजवळ पेट घेतो आणि तेथून ज्वलन पसरते. डॅशबोर्डवरील वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा, तो यासाठीच. अनेक गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावरही थोडा वेळ प्लग तापत राहतात, त्यामुळे पांढरा धूर आणि खडखड कमी होते. इंजिन तापल्यावर मात्र त्यांची गरज संपते.

खरेदीदाराच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक येथेच आहे. पेट्रोल गाडीचा खराब प्लग चाचणी फेरीतच जाणवतो. डिझेलचे एक-दोन ग्लो प्लग जळालेले असले, तरी आपल्याकडच्या हवेत चांगल्या स्थितीतील कॉमन रेल इंजिन बहुधा सुरू होते आणि दोष दडून राहतो. म्हणून घोडबंदर रोडवर किंवा खारघरला गाडी पाहायला सकाळी लवकर जावे, मालकाला ती आधी सुरू न करण्याची विनंती करावी आणि बोनेटला हात लावून ते गार असल्याची खात्री करावी. सुरू होताच पांढरा धूर येऊन इंजिन अर्धा-एक मिनिट थरथरले आणि नंतर शांत झाले, तर ग्लो प्लगचा संशय घ्यावा. तापलेले इंजिनही कष्टानेच सुरू होत असेल, तर दोष बहुधा इंजेक्टर, डिझेलचा पुरवठा किंवा कॉम्प्रेशन यांत असतो, आणि तो खर्च कितीतरी मोठा असू शकतो.

खात्रीसाठी प्लगची वायर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. नेहमीच्या धातूच्या प्लगमध्ये तो साधारण एक ओहमच्या आसपास येतो. तार तुटली असेल, तर मीटर जोडणीच दाखवत नाही. स्कॅनरवर P0671 हा कोड पहिल्या सिलिंडरच्या ग्लो प्लगच्या सर्किटकडे निर्देश करतो. मात्र वायर किंवा कंट्रोलरही बिघडलेला असू शकतो, म्हणून प्लग मोजल्याशिवाय बदलू नये.

जळालेला ग्लो प्लग हे डिझेल गाडी नाकारण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. तो किंमत कमी करून घेण्याचा मुद्दा जरूर आहे, कारण काजळीने घट्ट बसलेला प्लग काढताना हेडमध्येच तुटू शकतो आणि मग हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारे तेल आधी मुरू देऊन, सावकाश काम करणाऱ्या मेकॅनिककडूनच तो बदलून घ्यावा.