एका फोटोवरून लेननिहाय घनता काढायची तर पट्टे मोजावेत की चार बिंदूंचं गणित करावं?

हातात ट्रॅफिकचा एकच फोटो आहे आणि कुठल्या लेनमध्ये किलोमीटरला किती गाड्या आहेत ते सांगायचंय, तर लोक साधारण तीन पद्धतीनं जातात. पहिली म्हणजे नजरेचा अंदाज, दिसतायत तेवढ्या गाड्या मोजायच्या आणि 'हा रस्ता दीडशे मीटर असेल' म्हणून भागायचं. दुसरी, रस्त्यावरच्या तुटक पांढऱ्या पट्ट्यांनाच फूटपट्टी समजायचं. तिसरी, फोटोतले चार बिंदू घेऊन रस्ता वरून पाहिल्यासारखा सपाट करायचा आणि मग मोजायचं.

पहिलीचा विषय लगेच संपवतो. गाड्या मोजण्यात माणूस फारसा चुकत नाही, चुकतो तो लांबीत, कारण फोटोत लांबचा रस्ता दाबला जातो. शेवटच्या दोन बोटं जागेत कधीकधी जवळच्या अख्ख्या रस्त्यापेक्षा जास्त मीटर असतात आणि तिथल्या गाड्या एकमेकींमागे लपलेल्या असतात, म्हणजे लांबी चुकली आणि मोजणीही चुकली.

आता पट्टे. मी एका पादचारी पुलावरून फोटो काढला होता, कॅमेरा रस्त्यापासून साधारण ८ मीटर वर, तीन लेन, गाड्या पलीकडे जाणाऱ्या. लागते ती एकच गोष्ट, एक पट्टा अधिक त्यापुढची मोकळी जागा मिळून किती मीटर. हे माप पाठ असलेलं वापरू नका, कारण ब्रिटनच्या मोटरवेवर ते ९ मीटर असतं (२ चा पट्टा, ७ ची फट) आणि जर्मनीच्या आउटोबानवर १८ (६ चा पट्टा, १२ ची फट), म्हणजे चुकीचं घेतलं तर घनता सरळ दुप्पट नाहीतर निम्मी. मी उपग्रह नकाशावर त्याच रस्त्याचे दहा पट्टे एकदम मोजले, ९० मीटर आले, म्हणजे एकाला ९. एकच पट्टा मोजला असता तर अर्ध्या मीटरची चूकसुद्धा महागात पडली असती, दहांवर ती वाटली जाते.

मग पुलापासून २० मीटरवर सुरू होणारे आठ टप्पे घेतले, म्हणजे ७२ मीटर, ९२ ला थांबलो कारण त्यापुढे पट्टे एकमेकांत मिसळत होते. नियम एकच ठेवला, गाडीचं मागचं चाक त्या ७२ मीटरमध्ये असेल तर ती गाडी धरायची, नाहीतर सोडायची. दोन्ही टोकांच्या अर्ध्यामुर्ध्या गाड्या घेतल्या की एक गाडी फुकट वाढते, आणि ७२ मीटरवर एक गाडी म्हणजे किलोमीटरला जवळजवळ १४! कडेच्या लेनमध्ये ४, मधल्या लेनमध्ये ५, दुभाजकाजवळच्या लेनमध्ये ७ आल्या. म्हणजे अंदाजे ५५, ७० आणि ९७. सरासरी ७४ लिहून मोकळं झालो असतो तर कडेची लेन निम्मी रिकामी आहे असं दिसतंय हे कळलंच नसतं, आणि खरी गंमत त्या लेनमध्येच होती.

तिथं एक ट्रक होता, साडेतीन मीटर उंच, त्याचं पुढचं टोक पुलापासून ६० मीटरवर. त्याच्यापुढे ८५ मीटरवर एका कारचं टप जेमतेम डोकावत होतं, मधे काहीच दिसत नव्हतं. पण दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. ट्रकच्या पलीकडे दीड मीटर उंचीची कार पूर्ण झाकली जाण्याचं अंतर असं काढायचं, ट्रक कारपेक्षा किती उंच (२ मीटर), त्याला कॅमेरा ट्रकपेक्षा किती उंच (साडेचार मीटर) यानं भागायचं आणि ६० नं गुणायचं. येतात २७ मीटर. म्हणजे त्या ‘रिकाम्या’ २५ मीटरमध्ये तीन कार आरामात लपल्या असतील आणि कडेच्या लेनचं खरं उत्तर ५५ नसून ५५ ते ९७ आहे. हे असंच दोन आकड्यांत लिहायचं, एक आकडा ठोकून द्यायचा नाही. आणि ही अडचण तिसऱ्या पद्धतीनं सुटत नाही बरं का, जे फोटोत नाही ते कुठल्याही गणितानं येत नाही. त्यावर औषध एकच, कॅमेरा अजून उंच.

आता चार बिंदू. रस्त्यावर ज्याचं खरं माप माहीत आहे असा आयत निवडायचा, म्हणजे लेनच्या रुंदीचे दोन कोपरे जवळ आणि दोन लांब, मग पायथनमध्ये ओपनसीव्ही लायब्ररीत दोन ओळींचं काम आहे:

```python
H = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
xy = cv2.perspectiveTransform(tyres, H)
```

`src` म्हणजे फोटोतले पिक्सेल, `dst` म्हणजे त्यांचे मीटर, आणि `H` म्हणजे पिक्सेलचे मीटर करणारं रूपांतर. `tyres` या नावाकडे नीट बघा, तिथं टायर जमिनीला टेकतो तोच बिंदू द्यायचा. हे सगळं गणित फक्त रस्त्याच्या पातळीसाठी खरं आहे. गाडीचं टप दिलं तर ६० मीटरवरची कार ७४ मीटरवर जाऊन बसते, आणि गाडी ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या चौकटीचा मधला बिंदू दिला तरी तीच गडबड, जरा कमी. मीही पहिल्यांदा चौकटीचा मध्यच दिला होता आणि गाड्या मोजायच्या भागाच्या पलीकडच्या टोकाला गोळा झालेल्या दिसत होत्या.

दुसरी भानगड लांबच्या बिंदूंची. एका पिक्सेलमागे किती मीटर येतात ते अंतराच्या वर्गानं वाढतं. ८ मीटर उंची आणि साधारण १५०० पिक्सेल फोकल लेंथ धरली तर ३० मीटरवर पिक्सेल म्हणजे ७-८ सेंटीमीटर, ९० मीटरवर जवळजवळ ७० सेंटीमीटर आणि २०० मीटरवर ३ मीटरच्या वर. म्हणून जवळचे चार बिंदू घेऊन लांबपर्यंत ताणू नका, लांबचे दोन कोपरे मोजायच्या भागाच्या शेवटालाच घ्या. आणि तपासायचं कसं, तर आयत ठरवताना न वापरलेले पट्टे सपाट चित्रात बघायचे. पुढे पुढे ते लांब किंवा आखूड होत गेले तर बिंदू चुकलेत, नाहीतर रस्त्याला चढउतार आहे, नाहीतर वाइड लेन्सनं कडा वाकवल्यात. चढउतार असेल तर ही पद्धत सोडाच, पट्टे मोजा, पट्टे रस्त्याबरोबर चढतात.

मग घ्यायचं काय? दोन-चार फोटो असतील तर पट्टेच, माझा फोटो वीस मिनिटांत झाला होता आणि चूक डोळ्यांना दिसते. कॅमेरा खांबावर पक्का असेल आणि फोटो शेकड्यानं येत असतील तर चार बिंदू, कारण `H` एकदाच काढावा लागतो, पण कॅमेरा जरा हलला की सगळं वाया, म्हणून अधूनमधून तेच पट्टे जागेवर आहेत का बघायचं. पट्टे पुसलेले असले की दोन्ही पद्धती अडतात, तेव्हा दिव्याच्या खांबांमधलं अंतर नकाशावर मोजून चालतं, बिंदू मात्र खांबाच्या बुंध्याचा. आणि दुचाक्या लेन सोडून मधूनच शिरत असतील तर लेननिहाय आकड्याला काही अर्थ उरत नाही, तिथं पूर्ण रुंदीचा एकच आकडा द्या, दुचाक्या वेगळ्या लिहून.

कुठलीही पद्धत घ्या, शेवटी एक साधी चाळणी लावा. अगदी ठप्प ट्रॅफिकमध्येही एका कारला पुढची फट धरून ७ मीटर तरी लागतात, म्हणून कारच्या लेनमध्ये किलोमीटरला दीडशेच्या वर आकडा आला तर गाड्या परत मोजत बसू नका, आधी लांबी तपासा.