बादली की ताणकाटा? थ्रीडी प्रिंट केलेल्या भागाची ताकद घरी कशी तपासावी

उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपला जिग किंवा ब्रॅकेट प्रिंट करून द्यायचं, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टिकंल का?" नोझलचं तापमान 200 अंश ठेवावं की 215, हे ठरवायला घरी दोन सोपे मार्ग आहेत.

पहिला म्हणजे सामान तोलायचा डिजिटल ताणकाटा. प्रिंट केलेला हूक अडकवायचा, हाताने ओढायचा आणि तुटतानाचा आकडा बघायचा. काम झटपट होतं. पण हात कधी हळू ओढतो, कधी हिसका देतो, आणि प्लास्टिक दोन्हीला वेगवेगळं वागतं. शिवाय हूक वळणावर तुटतो, तिथे ताण आणि वाक दोन्ही मिसळलेले असतात. हाच हूक वापरणार असाल तर ही चाचणी चालेल, सेटिंग ठरवायला नाही.

दुसरा मार्ग बादलीचा, आणि माझं मत याच्याच बाजूने आहे. 80 × 10 × 4 मिमीची पट्टी उभी प्रिंट करा, म्हणजे वाकवताना थरांच्या सांध्यावरच ताण येतो. ती 64 मिमी अंतरावरच्या दोन आधारांवर चपटी ठेवा, बरोबर मध्यावर दोरीने बादली टांगा, तळ जमिनीपासून चार बोटं वर. पाण्याची बारीक धार दरवेळी सारखीच सोडा, कारण पीएलए प्लास्टिक ओझ्याखाली हळूहळू वाकत राहतं. पट्टी तुटली की नळ बंद करून पाण्यासकट बादली तोला.

आता हिशेब. समजा 200 अंशाची पट्टी 5.2 किलोला तुटली, 215 ची 5.6 ला. फरक जवळपास 8 टक्के, पण कॅलिपर लावल्यावर दुसरी 4.1 मिमी जाड निघाली. वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून वजनाला रुंदी × जाडी × जाडी ने भागा: 0.0325 आणि 0.0333. उरला अडीच टक्के. एकाच सेटिंगच्या पाच पट्ट्यांमध्ये याहून जास्त फरक पडत असेल, तर हा फरक धरूच नका.

पाच पट्ट्या एकत्र प्रिंट केल्या, तर प्रत्येक थराला थंड व्हायला जास्त वेळ मिळतो आणि सांधा कच्चा राहतो. म्हणून दोन्ही सेटिंगना संख्या आणि मांडणी सारखीच ठेवा. रीळही तेच, आणि पावसाळ्यात (आमच्याकडे तर हवा ओलीचिंबच) आधी सुकवलेलं. थरांमधून स्वच्छ, सपाट तुटलं तर सांध्याने दगा दिला. तूट खडबडीत, थर ओलांडून गेलेली असेल, तर सांधा चांगला धरलाय.

इन्फिल ताडायला मात्र ही पट्टी कामाची नाही. 4 मिमी जाडीत भिंतीच इतकी जागा खातात की आत जाळी नावालाच उरते. त्यासाठी खरा ब्रॅकेटच प्रिंट करून त्याला बादली टांगा.