सर्जनच्या केसपेपरवरून प्री-ऑथ: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या छोट्या सर्जिकल हॉस्पिटलात कॅशलेसचा डेस्क मी सांभाळते. पूर्वी प्री-ऑथचा, म्हणजे ऑपरेशनआधी विमा कंपनीची मंजुरी मागण्याचा फॉर्म आम्ही निदान, ऑपरेशनचं नाव, खर्च, सही-शिक्का असा भराभर भरायचो. दिवाळीपासून पद्धत बदलली. आधी केसपेपरच्या झेरॉक्सवर चार ठिकाणी खुणा करायच्या: तक्रार कधीपासून, तपासणीत काय सापडलं, रिपोर्ट काय म्हणतो आणि ऑपरेशन का ठरलं. मगच फॉर्म उघडायचा.

फरक कुठे पडला ते पित्ताच्या खड्यांच्या एका केसवरून सांगते. सरांची नोंद नेहमीसारखी त्रोटक होती: जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखतं, सहा महिने, अधूनमधून, ताप नाही, सोनोग्राफीत अनेक खडे, पित्ताशयाची भिंत ५ मिमी, डायबेटिस, दुर्बिणीतून पित्ताशय काढणे. नुसतं ‘खडे, ऑपरेशन’ लिहून पाठवलं असतं तर ‘ऑपरेशनची गरज स्पष्ट करा’ ही क्वेरी ठरलेली. कारण त्रास न देणारे खडे बऱ्याचदा तसेच राहू देतात, हे विमा कंपनीकडच्या डॉक्टरांना माहीत असतं. त्यामुळे पुन्हा पुन्हा होणारं दुखणं आणि जाड झालेली भिंत (साधारण ३ मिमीपर्यंत ठीक धरतात) या दोन गोष्टी आम्ही शेजारी शेजारी लिहिल्या. आजाराचा कोडही नोंदीला धरूनच हवा. ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल आणि वर तीव्र सुजेचा K80.0 टाकला, तर कागदच एकमेकांशी भांडतात.

खरी गोम ‘डायबेटिस’ या एका शब्दात होती. कधीपासून? फॉर्ममध्ये जुन्या आजारांसमोर कालावधी लागतोच, आणि पॉलिसीच्या आधीचा आजार असेल तर वेटिंग पीरियडचा, म्हणजे ठरावीक काळ त्या आजाराचा क्लेम न मिळण्याचा प्रश्न येतो. खड्यांना तर बहुतेक पॉलिसींत वेगळा वेटिंग पीरियड असतो, म्हणून ‘सहा महिने’सुद्धा बारकाईने वाचलं जातं. नातेवाईक म्हणतात, “ताई, शुगरचं लिहू नका ना.” ते चालत नाही. आम्ही रिकामी जागा सरांकडे नेतो. ते पेशंटला विचारून केसपेपरवरच तारीख घालून सही करतात. डेस्कने अंदाजाने वर्षं भरायची नाहीत, हा नियम मला सगळ्यात उपयोगी वाटला.

क्वेऱ्या स्पष्ट कमी झाल्या. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा असतो. पण कागद अर्धवट गेले की पेशंट बाकावर ताटकळतोच.

उणिवाही आहेत. सरांची ओपीडी भरलेली असेल तर एका सहीसाठी थांबावं लागतं. रात्रीच्या इमर्जन्सीला चार खुणा पूर्ण होत नाहीत, तिथे असेल तेवढं पाठवून बाकीचं सकाळी जोडतो. रूम रेंटच्या मर्यादेमुळे होणाऱ्या कपातीवर या पद्धतीचा काहीच उपाय नाही, ते पॉलिसी बघून आधीच सांगावं लागतं. आणि दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन उघडून करावं लागलं, तर पहिली मंजुरी अपुरी पडते. तेव्हा ऑपरेशनच्या नोंदीतलं कारण घेऊन वाढीव रकमेची मागणी त्याच दिवशी पाठवतो, डिस्चार्जची वाट बघत नाही.