निर्यात, परवाना, संयुक्त उपक्रम की उपकंपनी? परदेशी बाजारात उतरताना करायचा हिशेब

टोकियोत १९८३ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा डिस्नेने त्यात मालकी घेतली नाही. बांधकामाचा खर्च आणि मालकी ओरिएंटल लँड या जपानी कंपनीकडे राहिली, डिस्नेला परवान्यापोटी रॉयल्टी मिळत राहिली. उद्यान तुफान चाललं आणि नफ्याचा मोठा वाटा जपानी कंपनीकडे गेला. पॅरिसजवळच्या उद्यानात मग डिस्नेने ४९ टक्के हिस्सा घेतला. ते १९९२ साली उघडलं, सुरुवातीलाच तोट्यात गेलं आणि १९९४ मध्ये त्याची आर्थिक फेररचना करावी लागली. दोन्ही निर्णयांत ब्रँड तोच होता. फरक होता तो तोटा झाला तर कुणाच्या खिशातून जाणार आणि फायदा झाला तर कुणाच्या खिशात पडणार, याचा. चारही मार्गांची तुलना इथूनच सुरू करायला हवी.

एक उदाहरण मांडून पाहू. चलन कोणतंही धरा. उत्पादक पाण्याचे पंप बनवतो आणि परदेशी ग्राहक एका पंपाला १०० मोजतो. स्थानिक वितरक २५ ठेवतो, म्हणजे वितरकाला माल ७५ ला पडला पाहिजे. जहाजभाडं व विमा मिळून ६, भाडं-विम्यासह मालाच्या किमतीवर आयात शुल्क १० टक्के, आणि मायदेशातल्या कारखान्यात पंप ४५ ला बनतो. ७५ मधून शुल्क, भाडं आणि उत्पादनखर्च काढला की निर्यातीत दर पंपामागे सुमारे १७ उरतात. परवाना दिला तर स्थानिक कारखानदाराच्या ७५ च्या विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी, म्हणजे ३.७५. स्वतःचा कारखाना तिथे टाकला तर पंप ४८ ला पडतो, पण भाडं आणि शुल्क वाचतं, म्हणून २७ उरतात.

| मार्ग | दर पंपामागे उरतात | वर्षाचा स्थिर खर्च |
|---|---|---|
| परवाना | ३.७५ | २० हजार |
| निर्यात | १७ | २ लाख |
| उपकंपनी | २७ | १० लाख |

स्थिर खर्चात निर्यातीसाठी प्रमाणपत्रं, नोंदणी, सुटे भाग आणि दौरे येतात. परवान्यात तांत्रिक मदत आणि हिशेबतपासणी, तर उपकंपनीत यंत्रांचा घसारा, व्यवस्थापक आणि कायदेशीर पूर्तता. आता गणित सोपं आहे. वर्षाला साधारण १३,६०० पंपांपर्यंत परवाना बरा, तिथून ८०,००० पर्यंत निर्यात आणि त्यापुढे उपकंपनी.

खरी गंमत शुल्क बदलल्यावर दिसते. ते १० वरून ३० टक्क्यांवर गेलं तर निर्यातीत १७ ऐवजी जेमतेम ६.७ उरतात. मग निर्यात कुठल्याच संख्येला सर्वात फायद्याची राहत नाही: सुमारे ४२,००० पंपांपर्यंत परवाना पुढे आणि त्यानंतर थेट उपकंपनी. म्हणून विक्रीचा अंदाज बांधण्याआधी आपल्या मालाचं शुल्क-वर्गीकरण नक्की करून घ्यावं. वर्गीकरण चुकलं तर सगळा निर्णयच चुकीच्या पायावर उभा राहतो.

निर्यात दिसते तितकी बिनधोक नसते. पहिली चूक वितरकाच्या कराराची: संपूर्ण देशाचे एकाधिकार दिले, पण किमान खरेदीची अट घातली नाही. असा वितरक स्पर्धकाचा माल विकत बसतो आणि आपला बाजार कुलूपबंद राहतो. वर्षागणिक किमान संख्या लिहावी आणि ती चुकली की एकाधिकार आपोआप संपावा. दुसरी चूक अधिक महाग पडते: उत्पादनाची सरकारी नोंदणी किंवा ट्रेडमार्क वितरकाच्या नावावर होऊ देणं. त्याला बदलायचं ठरवलं की नोंदणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. कमिशनवर काम करणारा एजंट नेमत असाल तर करार संपवण्याचा खर्चही आधी पाहा. युरोपीय संघाच्या १९८६ च्या निर्देशानुसार एजंटला मिळणारी नुकसानभरपाई त्याच्या एका वर्षाच्या सरासरी कमिशनपर्यंत जाऊ शकते.

परवान्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. कमी पैशांत सुरुवात होते, पण तंत्र एकदा शिकवलं की ते परत घेता येत नाही. मुदत संपल्यावर तोच कारखानदार थोडा बदल करून स्वतःच्या नावाने पंप विकू लागतो, कधी कधी तुमच्याच दुसऱ्या बाजारात. ज्या ज्ञानावर तुमचा धंदा उभा आहे ते परवान्यात देऊ नका. मुख्य भाग, इथे समजा पाणी ढकलणारं पंपातलं फिरतं चक्र म्हणजे इंपेलर, स्वतःकडेच बनवून पुरवला तर ताबा राहतो, शिवाय रॉयल्टीचा हिशेबही पडताळता येतो. दहा हजार इंपेलर पाठवले आणि रॉयल्टी सात हजार पंपांचीच आली, तर उरलेले कुठे गेले हे विचारायला हातात पुरावा असतो. किमान वार्षिक रॉयल्टी ठेवली नाही, तर परवाना घेऊन तो फडताळात ठेवणारेही भेटतात.

संयुक्त उपक्रम मी तक्त्यात मुद्दाम घेतला नाही, कारण तिथे प्रश्न वेगळा आहे: भागीदार नक्की काय आणतो? समजा एकट्याच्या उपकंपनीतून वर्षाला १ लाख पंप विकता येतात. स्थिर खर्च वजा जाता नफा १७ लाख. निम्मा हिस्सा दिल्यावर आपल्या वाट्याला तेवढेच यायचे असतील, तर विक्री १ लाख ६३ हजारांवर जायला हवी. अर्थात भांडवलही निम्मंच अडकतं, त्यामुळे बाकीचं भांडवल दुसरीकडे किती कमावेल तेही धरावं. पण भागीदाराकडे वितरणाचं जाळं, जमीन किंवा कायद्याने आवश्यक असलेली स्थानिक मालकी यांपैकी काहीच नसेल, तर हा आकडा गाठणं कठीण.

इथे दानोन ही फ्रेंच खाद्यपदार्थ कंपनी आणि वाहाहा ही चिनी पेय कंपनी यांचं प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९९६ मध्ये चीनमध्ये उपक्रम सुरू झाला आणि पुढे दानोनकडे ५१ टक्के हिस्सा होता. पण वाहाहा हा ट्रेडमार्क उपक्रमाच्या नावावर करण्यास तिथल्या ट्रेडमार्क कार्यालयाची मंजुरी मिळाली नाही. भागीदाराच्या उपक्रमाबाहेरच्या कंपन्या त्याच नावाने माल विकत होत्या, आणि २००७ मध्ये वाद उघड्यावर आला. दोन वर्षांनी दानोनने आपला हिस्सा विकून बाहेर पडायचं ठरवलं. कागदावर बहुमत होतं, पण ब्रँड, वितरक आणि कर्मचाऱ्यांची निष्ठा भागीदाराकडे होती. त्यामुळे टक्केवारीच्या आधी तीन गोष्टी तपासा: ट्रेडमार्क प्रत्यक्ष कुणाच्या नावावर नोंदला आहे, बँक खात्यावर सही कुणाची चालते आणि भागीदाराच्या इतर कंपन्या काय विकतात.

५०:५० मध्ये आणखी एक अडचण असते, ती कोंडीची. संचालक मंडळात मतं समान पडली की यंत्र घेण्यासारखा साधा निर्णयही अडतो. त्यासाठी करारातच पायऱ्या ठरवाव्यात: ठरावीक दिवसांत दोन्ही प्रमुखांची भेट, मग मध्यस्थ, आणि तरीही तोडगा नाही तर एकाने भाव सांगायचा आणि दुसऱ्याने त्या भावाला विकायचं किंवा विकत घ्यायचं. हे शेवटचं कलम दिसायला न्याय्य असतं, पण ज्याच्याकडे रोकड कमी त्याच्यावर ते उलटतं, कारण पैसेवाला मुद्दाम कमी भाव सांगतो. तुम्ही छोट्या बाजूला असाल तर स्वतंत्र मूल्यांकनाने ठरणारा भाव मागा, आणि तोही सही करायच्या आधी.